घळीच्या तोंडाशी डोझरआत्या

माझ्या आत्याला आमच्या गावात कोणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. लहानथोर सगळे तिला डोझरआत्या म्हणायचे. तिच्यापेक्षा वयानं मोठे असलेले दुकानदारसुद्धा. ती रस्ते खात्यात डोझर चालवायची. ते भलं थोरलं पिवळं धूड साखळ्यांवर खडखडत बाजारातून जायला लागलं की लोक आपापल्या दुचाक्या बाजूला घ्यायचे आणि वर बसलेली आत्या एका हातानं त्यांना मान्यवरांसारखा नमस्कार करायची.

खात्यात ती लागली होती यार्डाच्या उपाहारगृहात चहा करायला. पण चहा देता देता ती यंत्रांच्या भोवती रेंगाळायची. जुना ऑपरेटर कंबरदुखीनं बेजार होता. त्याला सारखं खाली उतरून दांडे, नळ्या तपासणं जमेना. "तू जरा बघतेस का?" असं करत करत त्यानं तिला खुर्चीत कधी बसवलं ते साहेबांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा साहेबांनी रीतसर परीक्षा घेतली. रेतीच्या ढिगाला हात न लावता त्याच्या कडेची माती सपाट करायची, अशी. आत्यानं ती केली, खाली उतरली आणि साहेबांना विचारलं, "चहा आणू का?"

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, कोरड्या मुलखात. वर्षाचे बहुतेक महिने आभाळ निळंशार आणि जमीन भाजलेली. डोंगरातून एक अरुंद घळ उतरते आणि जिथे संपते तिथून जमीन हळूहळू उतरत, पसरत खाली येते. त्या उतारावर गाव वसलेलं. घळीतून निघालेला ओढा गावाच्या मधून जातो. ओढा म्हणायचा इतकंच. एरवी त्यात गोटे, काटेरी झुडपं आणि शाळेतून पळून आलेली मुलं. पाणी वर्षाकाठी एकदा-दोनदा यायचं, तेही यायचं तेव्हा सगळं एकदम.

ते आलं की रस्त्यावरचे गोटे आणि चिखल बाजूला करणं हे आत्याचं काम. वर्षानुवर्षं तिनं तेच केलं. मला वाटतं, त्या ओढ्याशी तिचं एखाद्या खोडकर शेजाऱ्याशी असावं तसं नातं होतं. वैतागायची, पण त्याच्याबद्दल दुसरं कोणी वाईट बोललं की तिला खपायचं नाही.

मग एके वर्षी भूगर्भ खात्याच्या बाई आमच्याकडे नेमणुकीवर आल्या. उंच, सडपातळ, कायम गळ्यात भिंग आणि कमरेला हातोडी. गावानं त्यांचं नाव दगडवाल्या बाई ठेवलं. त्यांना डोंगराच्या पायथ्याचा नकाशा करायचा होता आणि ओबडधोबड वाटेनं त्यांचं सामान वर नेणारं कोणीतरी हवं होतं. साहेबांनी आत्याला पाठवलं.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी आत्या आमच्या घरी आली ती अंगणात काठीनं चित्र काढायलाच लागली. "हे बघ," ती मला म्हणाली, "ही घळ. घळीत पाणी दोन भिंतींमध्ये कोंडलेलं असतं म्हणून जोरात पळतं, धोंडेसुद्धा ढकलत आणतं. पण तोंडाशी आलं की भिंती संपल्या. पाणी पसरतं, पसरलं की उथळ होतं, उथळ झालं की दम जातो. दम गेला की हातातलं ओझं टाकतं. आधी मोठे धोंडे, मग गोटे, मग रेती, आणि अगदी खाली बारीक माती. आपण आयुष्यभर ज्याच्यावर राहतोय ना, तो सगळा टाकलेल्या ओझ्याचा ढीग आहे! वरून बघितलं तर हातपंख्यासारखा दिसतो. त्याला गाळाचा पंखाच म्हणतात."

"आणि ओढा?" मी विचारलं.

"ओढा एका जागी बसत नाही. स्वतःच्याच गाळानं त्याचं पात्र भरतं, मग तो बाजूच्या खोलगट जागेत उडी मारतो. तिथे भरलं की आणखी कुठे. असा इकडून तिकडे झाडू मारत मारत त्यानं हा पंखा केलाय. बाई सांगत होत्या." आत्यानं काठी टाकली. "माझं अर्धं आयुष्य गोटे ढकलण्यात गेलं आणि ते कुठून, का येतात ते आज कळलं. काय माणूस आहे ती! दगडाकडे नुसती बघत नाही, त्याची विचारपूस करते."

त्या दोघींची मैत्री आम्हाला नवलाची वाटायची. बाईंना डोंगर वाचता यायचा, आत्याला माती हातानं कळायची. कुठली जमीन साखळीखाली दबेल, कुठली सुटेल हे आत्या सांगे, आणि तसं का, हे बाई सांगत. एकदा त्या मलाही घळीच्या वरच्या अंगाला भुरभुऱ्या टेकड्यांत घेऊन गेल्या. राखाडी, बोडक्या, सुरकुतलेल्या टेकड्या. एक गवताचं पातं नाही. जमिनीवरचा पापुद्रा मक्याच्या लाह्यांसारखा फुगलेला, पाय ठेवला की कुरकुरत आत जाणारा.

"पुस्तकात हिला उत्खातभूमी म्हणतात," बाई म्हणाल्या. "ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की तडकते. त्यामुळे मुळं धरतच नाहीत. आणि धरायला झाड नाही म्हणून प्रत्येक सरीला ओघळी पडतात. तिकडे नको जाऊस!"

मी थबकले. पुढे जमिनीत एक विहिरीसारखं भोक होतं. पाणी भेगांतून आत शिरतं, आतल्या आत बोगदा करतं आणि मग वरचं छत कोसळतं, असं त्यांनी सांगितलं. आत्यानं माझा दंड जो पकडला तो गाडीपर्यंत सोडला नाही.

ज्या उन्हाळ्याची गोष्ट मला सांगायची आहे त्या उन्हाळ्यात पहिला लोंढा भर दुपारी आला. गावावर लख्ख ऊन होतं, फक्त डोंगरावर एक काळा ढग अडकलेला. ओढा दुथडी भरून वाहिला, पुलाच्या कठड्याला लागला आणि संध्याकाळपर्यंत ओसरला. कोणाला खरचटलंही नाही. लोक म्हणाले, सुटलो, या वर्षीचं झालं.

दुसऱ्या दिवशी बाई आणि आत्या घळीच्या तोंडाशी जाऊन आल्या. आत्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. घळीच्या तोंडाशी ओढ्याचं पात्र उरलंच नव्हतं. जिथे उभं माणूस बुडेल असा खड्डा होता तिथे धोंडे, गोटे आणि राखाडी चिखल अगदी काठापर्यंत भरून बसला होता. वर भुरभुऱ्या टेकड्यांचा एक अख्खा उतार घसरून घळीत आला होता आणि तसाच, ओला, पुढच्या पावसाची वाट बघत पडला होता.

रस्ते खात्याच्या बैठकीच्या खोलीत साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. पंखा कुरकुरत होता, टेबलावर बाईंचा नकाशा. बाईंनी सरळ सांगितलं, "पुढचा लोंढा जुन्या वाटेनं येणार नाही. ती वाट बुजली. तो डावा काठ जिथे खचलाय तिथून बाहेर पडेल आणि या जुन्या, कोरड्या पात्राला लागेल." त्यांनी बोट खाली नेलं. ते आता पात्र म्हणून ओळखूही येत नव्हतं. तिथे खालची वस्ती होती आणि वस्तीच्या टोकाला शाळा. "आणि तो नुसता पाण्याचा नसेल. वर पडलेला चिखल त्यात मिसळेल. ओल्या काँक्रीटसारखा लोंढा, पोटात धोंडे घेऊन."

"बुजलेलं पात्र उपसू," साहेब म्हणाले.

"महिना लागेल," आत्या म्हणाली. "आणि आभाळ रोज दुपारी भरतंय."

"मग?"

बाईंनी आत्याकडे पाहिलं. दोघींनी ते आधीच बोलून ठेवलं होतं हे उघड होतं. आत्या उठली आणि नकाशावर उजवीकडे हात ठेवला. "इथे काठ ठेंगणा आहे. उजव्या अंगाला उतार डावीपेक्षा जास्त आहे, आणि तिकडे घरं नाहीत. इथे चर काढायचा. निघालेले धोंडे डावीकडच्या खचलेल्या जागेत लावून बांध घालायचा. सुरुवात आम्ही करू, बाकीचं पाणी स्वतः खोदेल. माती सगळी सुटी आहे."

"उजवीकडे खाली काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"डाळिंबाची बाग," आत्या म्हणाली. "माझ्या भावाची."

साहेबांनी नकाशावरून नजर उचलली. मग म्हणाले, "मालकाच्या संमतीशिवाय मला हुकूम देता येणार नाही. आणि खरं सांगतो, तुमच्या जागी मी असतो तर हे सुचवायचं धाडस मला झालं नसतं."

"सुचवून झालंय," आत्या म्हणाली. "विचारायचं मीच बघते."

ती आमच्या घरी आली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. तिनं पाटही घेतला नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "दादा, पाणी तुझ्या बागेवरून न्यायचंय."

बाबांचा घास हातातच राहिला. ती बाग त्यांनी स्वतः उभी केली होती. दगड वेचून, लांबून माती आणून, झाडागणिक आळं करून. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" ते म्हणाले.

"आहे. म्हणून तर आले."

"ओढा आजवर कधी बागेत आला नाही. मग तू कोण त्याला हाताला धरून आणणारी?"

"दादा, तो येणार आहेच. कुठेतरी जाणारच आहे. मी वाट करून दिली नाही तर शाळेत जाईल."

"तुझ्या त्या बाईंचा अंदाज आहे नुसता! चुकला तर? पाणी आलंच नाही तर?"

"तर बरंच आहे. मी चर बुजवून देईन."

"आणि आलं तर झाडं देशील का उभी करून?" बाबा ताटावरून उठले. आई मधे पडायला गेली तर तिलाही त्यांनी हातानं थांबवलं. आत्या रडली नाही, चिडली नाही. फक्त म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर वर चल. बघ, आणि मग नाही म्हण. तू नाही म्हणालास तर मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण न बघता म्हणू नकोस."

बाबा रात्रभर कूस बदलत होते असं आई नंतर सांगायची. सकाळी ते गाडीत जाऊन बसले. मीही मागे चढले.

घळीच्या तोंडाशी आत्यानं त्यांना काही समजावलं नाही. नुसतं बुजलेल्या पात्राच्या मधोमध नेऊन उभं केलं. तिथून गाव सरळ खाली दिसत होतं. उजवीकडे बागेचा हिरवा चौकोन, डावीकडे वस्तीची पत्र्याची छपरं आणि शाळेचं मैदान. प्रार्थनेची घंटा तिथवर ऐकू आली. बाबांनी खाली वाकून एक गोटा उचलला आणि डावीकडे ठेवून सोडून दिला. तो खचलेल्या काठावरून गडगडत गेला, थांबेचना. उजवीकडे कुठेच तशी वाट नव्हती. काठ आडवा येत होता.

बाबांनी हाताची माती झटकली. मग म्हणाले, "विहीर तरी वाचेल का?"

"कठडा उंच करून देते," आत्या म्हणाली. "आजच."

"कर काय करायचं ते." आणि ते वाट न पाहता पायीच खाली चालू लागले. मला वाटलं आत्या त्यांच्यामागे जाईल. ती गेली नाही. साहेबांना फोन केला आणि यंत्र सुरू केलं.

काम खालून वर करत आणायचं ठरलं होतं, म्हणजे चर पूर्ण होईपर्यंत वरच्या टोकाचा काठ तसाच राहील आणि मधेच थोडंफार पाणी आलं तर घुसणार नाही. आत्या डोझरच्या पुढच्या पोलादी ब्लेडनं सुटी रेती बाजूला लोटायची, मोठे धोंडे मात्र निवडून डावीकडे न्यायची. बांधाचा पाण्याकडचा चेहरा धोंड्यांचा हवा, नाहीतर लोंढा तो बिस्किटासारखा खाईल, असं बाईंचं म्हणणं होतं. आत्या एकेक धोंडा असा टेकवायची की जणू भिंतीत विटा बसवतेय. वस्तीतले लोकही फावडी घेऊन आले. बायांनी पाण्याच्या कळशा आणल्या. पण दुपार झाली की बाई सगळ्यांना खाली पिटाळायच्या. दुपारनंतर घळीच्या तोंडाशी फक्त त्या दोघी.

बाई बसायच्या उजवीकडच्या उंच माळावर. तिथले दगड काळे कुळकुळीत, चकाकणारे आणि एकमेकांत फरसबंदीसारखे बसलेले. "हा रंग चढायला हजारो वर्षं लागतात," त्यांनी आत्याला सांगून ठेवलं होतं. "म्हणजे तेवढ्या काळात इथवर पाणी आलेलं नाही. काही झालं तर विचार करायचा नाही, यंत्र घेऊन थेट काळ्या दगडांवर यायचं." हातात लाल कापड आणि वॉकी-टॉकी घेऊन त्या घळीकडे नजर लावून असायच्या.

चर जवळजवळ झाला होता. फक्त वरचा काठ फोडायचा राहिला होता, आणि त्या दुपारी डोंगरावर ढग बसला. गावातून तो दिसत होता. आम्ही सगळे शाळेच्या गच्चीवर, गावातली तीच एक पक्की इमारत; मुलांना सकाळीच सोडलं होतं आणि वस्तीतली घरं रिकामी केली होती. पुढचं मी आत्याच्या आणि बाईंच्या तोंडून ऐकलं आहे, आणि दोघींनी ते वेगवेगळं सांगितलं. आत्या म्हणायची, बाई डगमगल्या नाहीत. बाई म्हणायच्या, आत्या ऐकतच नव्हती.

बाईंना आधी आवाज आला नाही, वास आला. ओल्या मातीचा, घळीतून आलेल्या गार वाऱ्याबरोबर. त्यांनी कापड हलवलं. वॉकी-टॉकीवर ओरडल्या, "निघा! लगेच!"

"एक ढकल राहिलीय," आत्या म्हणाली.

"राहू दे ती ढकल!"

आत्यानं ब्लेड खाली केलं. काठ ठेंगणा होता, पण गोट्यांनी दाबलेला. साखळ्या जागच्या जागी फिरल्या. ती थोडी मागे आली, तिरकस घेतलं आणि पुन्हा गेली. या वेळी काठ सुटला, सगळी रेती एकदम चरात ओघळली, आणि तेव्हा खुर्ची थरथरायला लागली. तिला वाटलं इंजिन. पण इंजिन नव्हतं. जमीनच थरथरत होती.

मग मात्र तिनं मागे पाहिलं नाही. काळ्या दगडांच्या माळाच्या चढावर तिनं ते धूड कसं चढवलं ते तिलाही सांगता यायचं नाही. "यंत्र जनावरासारखं ओरडत होतं," एवढंच म्हणायची. ती वर पोचली, बाईंनी दार उघडून तिला अक्षरशः खाली ओढलं, आणि लोंढा घळीतून बाहेर आला.

गच्चीवरून आम्हाला ते दिसलं. पाणी नव्हतंच ते. राखाडी, जाड, उभी भिंत, आणि तिच्या पुढच्या तोंडाशी धोंडे एकमेकांवर आदळत, जणू कोणी त्यांना हाकत आणतंय. बुजलेल्या पात्रावर ती भिंत चढली, पसरली, डावीकडे झुकली.  ती बांधाला लागली. बांधाचा एक तुकडा गेला, आम्ही बघत असतानाच गेला. मग उजवीकडे चरात लोंढ्याची एक जीभ शिरली. आधी बारीक, मग रुंद. तो चर डोळ्यांदेखत मोठा होत गेला, काठ ढासळत गेले आणि बघता बघता लोंढ्याचं सगळं वजन तिकडे वळलं.

फुटलेल्या बांधातून जेवढं आलं तेवढं वस्तीत आलं. घोटाभर चिखल, गल्ल्यांतून, काही घरांच्या उंबऱ्यावरून आत. शाळेच्या पायऱ्यांपाशी थांबलं. एक बकरी वाहून गेली, दोन भिंती पडल्या. माणूस एकही नाही.

बाबा गच्चीवर माझ्या शेजारी उभे होते. त्यांना बाग दिसत होती. हिरवा चौकोन वरच्या कोपऱ्यापासून राखाडी होत गेला. ते बघत राहिले, आणि मग शाळेच्या मैदानाकडे वळून बघत राहिले. 

त्यानंतर पुष्कळ दिवस ते आत्याशी बोलले नाहीत. राग होता असं म्हणवत नाही. दुःख होतं, आणि ते कोणावर ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. आत्यानं ते समजून घेतलं. ती यायची, आईशी बोलायची, बाबा असतील त्या खोलीच्या दारात क्षणभर थांबायची आणि जायची. गावानं तिचा सत्कार करायचं ठरवलं तर तिनं साफ नकार दिला. "ज्याची बाग गेली त्याला बोलवा," म्हणाली. लोकांनी खरंच बाबांना बोलावलं. ते गेले नाहीत, पण बोलावणं आलं याचं त्यांना बरं वाटलं, हे आईच्या नजरेतून सुटलं नाही.

मग पानगळीच्या सुमारास एके सकाळी ते यार्डात गेले. आत्या यंत्राखाली आडवी पडून वंगण भरत होती. बाबा म्हणाले, "वेळ आहे का? बागेतलं ते सगळं ढकलून द्यायचंय."

आत्या बाहेर आली, हात पुसले. "वरच्या अंगाचे गोटे ढकलते," ती म्हणाली. "पण खालचं ठेव, दादा. खाली आलाय तो बारीक गाळ आहे, टेकड्यांचा. त्यात रेतीही मिसळलीय. जरा नांगरून बघ. नाहीच जमलं तर काढू."

"तुला काय शेतीतलं कळतं?"

"काही नाही. पण माती कळते."

वरच्या बाजूची झाडं गेली ती गेलीच. मधल्या काहींचे बुंधे निम्मे गाडले गेले होते. आत्यानं ब्लेड लावलं नाही, फावड्यानं मोकळे केले, आणि त्यातली बरीच जगली. खालच्या गाळात बाबांनी खरबुजं लावली. पहिल्या वर्षी यथातथाच आली. दुसऱ्या वर्षी चांगली.

खात्यानं पुढे घळीच्या तोंडाशी धोंडे अडवणारं मोठं कुंड बांधलं. दर लोंढ्यानंतर ते उपसावं लागतं. नाही उपसलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आत्यानं निवृत्त होईपर्यंत ते उपसलं. बाईंची बदली झाली, तरी दर वर्षी त्या येतात आणि दोघी काळ्या माळावर जाऊन बसतात, थर्मासमधला चहा पीत. आता आत्याच्या जागी एक तरुण मुलगी डोझर चालवते. तिला आत्यानंच शिकवलं. मागच्या खेपेला मी गेले होते तेव्हा आत्या कुंडाच्या काठावर उभी राहून तिला ओरडून सांगत होती, "तिरकस घे गं! सरळ नको, तिरकस!"